डिलीट दाबूनही बायोस उघडेना: फास्ट बूट, यूएसबी कीबोर्ड आणि दुकानातला एक कॉम्प्युटर

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे खत-बियाण्यांचं दुकान आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि मालकांचं नाव देत नाही. दुकानाचा सगळा हिशेब मागच्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर आहे. पुढच्या काउंटरवरची दोन यंत्रं नेटवर्कवरून त्याच हिशेबात बिलं टाकतात. मालक आठवड्यातले बरेच दिवस शहरात असतात आणि तिथून रिमोटने याच कॉम्प्युटरवर काम करतात.

यंत्र साधं पण चांगलं आहे. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, एसएसडी, विंडोज ११ प्रो, आणि जोडीला एक छोटा यूपीएस. सीपीयूचा डबा टेबलाखाली आतल्या बाजूला ठेवलेला. कीबोर्डची वायर तिथवर पोचत नव्हती, म्हणून कीबोर्ड मॉनिटरच्या मागच्या यूएसबी हबला जोडला होता. ही गोष्ट सुरुवातीला कुणालाच महत्त्वाची वाटली नाही.

रात्री लाइट गेली की यूपीएस थोडा वेळ टिकतो, मग यंत्र बंद पडतं. लाइट आल्यावर ते आपोआप सुरू होत नाही. सकाळी दुकान उघडून कुणीतरी बटण दाबेपर्यंत मालकांना शहरातून काही करता येत नाही. यावरचा उपाय फर्मवेअरच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये असतो. बहुतेक मदरबोर्डांवर `Restore AC Power Loss` किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नाव असलेली एक ओळ असते. ती `Power On` वर ठेवली की वीज परत आल्याबरोबर यंत्र स्वतःहून चालू होतं. काम पाच मिनिटांचं होतं, पण त्यासाठी आधी बायोस, म्हणजे त्या सेटिंगचा पडदा, उघडायला हवं होतं.

## अडचण

यंत्र चालू करून डिलीट दाबलं तर थेट विंडोजचं साइन-इन येत होतं. एफ२ दाबा, एफ१२ दाबा, तेच. कंपनीचा लोगो क्षणभर चमकून जायचा, कधी तोही दिसायचा नाही. विंडोज उघडल्यावर मात्र तोच कीबोर्ड व्यवस्थित चालत होता.

मी पोचण्याआधी दुकानातल्या मुलांनी बरंच करून पाहिलं होतं. काउंटरवरचा वायरलेस कीबोर्ड लावून पाहिला, शेजारच्या दुकानातून दुसरा वायरचा आणला. यंत्र सुरू होण्याच्या आधीपासून डिलीट दाबून धरलं, मग पटापट दाबून पाहिलं. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवर सल्ला दिला होता: "यूएसबी लेगसी सपोर्ट बंद असणार. सेल काढून पाच मिनिटं ठेवा, सगळं मूळ पदावर येईल." मुलं मदरबोर्डवरचा सेल काढायच्या तयारीत होती. मालकांनी त्यांना थांबायला सांगितलं.

त्यांचं थांबणं योग्य होतं. का, ते पुढे येतं.

## तपास: कीबोर्डकडे कुणी बघतंय का?

अशा वेळी बहुतेकांचा समज होतो की किल्ली दाबायची वेळ चुकते आहे. म्हणून माणूस आणखी वेगाने दाबत राहतो. पण आधी वेगळा प्रश्न विचारायला हवा: त्या क्षणी फर्मवेअर कीबोर्ड वाचत तरी आहे का? याचं उत्तर कॅप्स लॉकच्या दिव्यावरून मिळतं.

यूएसबी कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. किल्ली दाबली की कीबोर्ड फक्त "ही किल्ली दाबली" एवढं कळवतो. पलीकडचं सॉफ्टवेअर ते वाचतं आणि "दिवा लाव" असा उलट निरोप पाठवतं. विंडोज सुरू झाल्यावर हा निरोप विंडोजकडून येतो, त्याआधी फर्मवेअरकडून. म्हणून यंत्र सुरू होत असताना कॅप्स लॉक दाबत राहायचं आणि दिवा लागतो-विझतो का ते पाहायचं. दिवा हलला तर फर्मवेअर ऐकतंय, मग किल्ली किंवा वेळ चुकली असेल. दिवा हललाच नाही तर कितीही वेगाने डिलीट दाबलं तरी ते कुणापर्यंत पोचत नाही.

एका गोष्टीने मात्र फसायला होतं. वीज मिळाल्याबरोबर काही कीबोर्डांचे तिन्ही दिवे एकदा चमकतात, रंगीत कीबोर्डांचे तर सगळे दिवे लागतात. त्यातून वीज पोचली एवढंच कळतं. किल्लीला प्रतिसाद म्हणून दिवा बदलतो का, तेवढंच पाहायचं. बऱ्याच वायरलेस कीबोर्डांवर असा दिवाच नसतो, त्यामुळे तपासाला साधा वायरचा कीबोर्ड घ्यावा.

इथे मी शेजारच्या दुकानातला वायरचा कीबोर्ड सीपीयूच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावला. यंत्र बंद करून चालू केलं. लोगो आला, गेला, विंडोजचे फिरणारे ठिपके आले, तरी कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म. ठिपके थांबून साइन-इन दिसल्यावर तो लगेच हलायला लागला. मग विंडोजमधून रिस्टार्ट करून तेच पाहिलं. फरक नव्हता.

रिस्टार्ट करून बघणं गरजेचं होतं, कारण इथे दोन सारख्या नावांच्या गोष्टी एकमेकांत मिसळतात. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' वेगळं आणि फर्मवेअरचं 'फास्ट बूट' वेगळं. फास्ट बूटमध्ये फर्मवेअर वेळ वाचवायला सुरुवातीची काही उपकरणं तपासणं गाळतं. फास्ट स्टार्टअपमध्ये विंडोज शटडाउनच्या वेळी आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून उचलतं. हे फक्त शटडाउनला लागू आहे. रिस्टार्ट केलं की विंडोज पूर्ण नव्याने उघडतं. रिस्टार्टलाही दिवा हलत नव्हता, म्हणजे अडचण विंडोजच्या आधीच्या टप्प्यात, फर्मवेअरच्या फास्ट बूटमध्ये असण्याची शक्यता जास्त होती.

पक्का धागा मात्र काउंटरवरच्या ताईंकडून मिळाला. मी विचारलं, हा लोगो कधी जास्त वेळ दिसल्याचं आठवतं का? त्या म्हणाल्या, "अहो दादा, मागे ती डीपी जळाली होती ना, रात्रभर लाइट नव्हती, तेव्हा सकाळी ते कंपनीचं चित्र बराच वेळ तसंच होतं. मला वाटलं कॉम्प्युटर अडकला."

फर्मवेअरचं फास्ट बूट चालू असताना, वीज पूर्ण तुटल्यानंतरची पहिली सुरुवात फास्ट करायची की नेहमीची, यासाठी काही बोर्डांवर वेगळी ओळ असते. तिचं नाव साधारण `Next Boot after AC Power Loss` असं असतं आणि ती बऱ्याचदा `Normal Boot` वर असते. रात्रभर वीज नसताना यूपीएस पूर्ण उतरला, मदरबोर्डला वीज मिळणं थांबलं आणि सकाळी यंत्र सावकाश, सगळी उपकरणं तपासत सुरू झालं. ताईंना दिसलेलं 'अडकणं' हेच असणार.

## लेगसी सपोर्टवरचा आळ

दुरुस्तीवाल्याचा सल्ला वाऱ्यावरचा नव्हता, पण तो जुन्या काळाचा होता. पूर्वीच्या बायोसच्या यंत्रांवर यूएसबी कीबोर्डचा सपोर्ट बंद असेल तर विंडोज येईपर्यंत कीबोर्ड खरोखरच मेलेला असायचा. म्हणून तंत्रज्ञ पीएस/२ चा, म्हणजे जुन्या गोल पिनेचा, एक कीबोर्ड पिशवीत ठेवायचे.

`Legacy USB Support` या सेटिंगचं खरं काम असं. डॉससारख्या जुन्या प्रणालींना यूएसबी ठाऊकच नाही. त्यांना कीबोर्ड जुन्या पीएस/२ पद्धतीनेच, ठरलेल्या पोर्टांवर हवा असतो. हे सेटिंग चालू असेल तर फर्मवेअर पडद्यामागे यूएसबी कीबोर्ड वाचतं आणि त्या प्रणालींना तो पीएस/२ चा असल्यासारखा दाखवतं. आजच्या यूईएफआय फर्मवेअरमध्ये सेटिंगचा पडदा हा फर्मवेअरचाच भाग असतो. त्याला स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असतो, या सोंगाची गरज नसते. एएमआय या कंपनीच्या फर्मवेअरमध्ये या ओळीशेजारच्या मदतीच्या मजकुरातच लिहिलेलं असतं की हे बंद केलं तर यूएसबी उपकरणं फक्त ईएफआय प्रोग्रामांना उपलब्ध राहतील. म्हणजे तिथे ते बंद असलं तरी सेटिंगच्या पडद्यावर कीबोर्ड चालायला हवा.

तेव्हा यूईएफआय यंत्रावर डिलीट चालत नसेल तर मी आधी फास्ट बूटकडे बघतो, लेगसीकडे नंतर. लेगसी सपोर्टचा संशय खरा ठरतो तो जुन्या बायोसच्या यंत्रावर, किंवा सेटिंगमध्ये कीबोर्ड चालतो पण नंतर डॉसच्या पेनड्राइव्हवर चालत नाही अशा वेळी.

## फास्ट बूट काय गाळतं

यूएसबी कीबोर्ड ओळखायला वेळ लागतो. यूएसबीच्या प्रमाणकाप्रमाणे उपकरण दिसल्यावर जोडणी स्थिर होण्यासाठी किमान १०० मिलिसेकंद थांबायचं असतं. मग मूळ पोर्टवर साधारण ५० मिलिसेकंदांचा रीसेट, त्यानंतर उपकरणाला पत्ता देणं आणि त्याची माहिती वाचणं. मध्ये हब असेल तर आधी हबसाठी हे सगळं, मग हबमागच्या कीबोर्डसाठी पुन्हा. मॉनिटरमधला हब तर मॉनिटर झोपेतून उठल्यावरच नीट जागा होतो असंही अनेकदा दिसतं.

आता दुसरी बाजू बघा. विंडोज ८ येत होतं तेव्हा, २०१२ मध्ये, मायक्रोसॉफ्टने जाहीर लिहिलं होतं की वेगवान यंत्रांवर किल्ली दाबून सुरुवात अडवायला मिळणारा अवधी २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी उरला आहे. म्हणजे कीबोर्ड ओळखायलाच जवळपास जेवढा वेळ लागतो, तेवढीच दाबायला मुदत. फास्ट बूट यातूनच वेळ वाचवतं. एसएसडी आणि स्क्रीन लावायची, यूएसबीला हात न लावता थेट विंडोजकडे सोपवायचं.

किती गाळायचं याच्या पायऱ्या असतात. यूएसबीच्या ओळीवर साधारण तीन पर्याय दिसतात. पूर्ण तपासणी, अर्धवट तपासणी आणि बंद. बंद असेल तर विंडोज येईपर्यंत एकही यूएसबी उपकरण उपलब्ध नसतं. अर्धवट असेल तर ठरावीक पोर्टांवरचे कीबोर्ड-माऊस तेवढे बघितले जातात, पेनड्राइव्ह गाळला जातो. काही बोर्डांवर `Ultra Fast` नावाची टोकाची पायरी असते. तिच्या मदतीच्या मजकुरातच बजावलेलं असतं की हे लावल्यावर किल्ली दाबून सेटिंगमध्ये येता येणार नाही, विंडोजमधून या किंवा सीमॉस, म्हणजे साठवलेलं सेटिंग, पुसा.

किल्ली दाबून धरण्याबद्दलही इथेच सांगतो. पीएस/२ कीबोर्ड दाबून धरलेली किल्ली स्वतःच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. यूएसबी कीबोर्ड बऱ्याचदा फक्त बदल कळवतो. फर्मवेअरने कीबोर्ड ओळखायच्या आधीपासून किल्ली दाबलेली असेल तर 'आत्ता दाबली' हा बदल त्याला दिसेलच असं नाही. म्हणून यूएसबीवर किल्ली धरून ठेवू नये. सेकंदाला दोन-तीनदा दाबून सोडत राहावं.

## समोरचे पर्याय

निदान बऱ्यापैकी पक्कं होतं. आता आत शिरायचा कुठला रस्ता घ्यायचा हे ठरवायचं होतं, आणि इथेच सेल काढण्याचा सल्ला बाजूला ठेवला.

कारण होतं बिटलॉकर. मालकांच्या अॅडमिन खात्यातून मी `manage-bde -status C:` हा आदेश चालवून पाहिला तेव्हा सी ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असल्याचं दिसलं. त्याची किल्ली प्रोसेसरसोबतच्या टीपीएममध्ये, म्हणजे अशा किल्ल्या सांभाळणाऱ्या सोयीत, इंटेल ज्याला पीटीटी म्हणतं त्यात. विंडोज ११ चढवताना कुणीतरी पीटीटी मुद्दाम चालू केलेलं असणार, कारण त्या पिढीच्या अनेक बोर्डांवर ते मुळात बंद असतं. सेल काढून सीमॉस पुसला की सेटिंग मूळ पदावर जातं, पीटीटीही बंद होतं, आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागतो. ती किल्ली कुठे आहे हे दुकानात कुणालाच माहीत नव्हतं. आत जाऊन पीटीटी परत चालू केलं की सहसा कुलूप उघडतं, पण दुकानाचा सगळा हिशेब 'सहसा'वर टांगायचा नाही. शिवाय सध्याच्या बऱ्याच बोर्डांवर सेटिंग चिपमध्ये साठवलेलं असतं, त्यामुळे नुसता सेल काढून ते जाईलच याची खात्री नसते. म्हणजे धोका घ्यायचा आणि काम होईल याची हमीही नाही.

पीएस/२ कीबोर्डचा विचार झाला. सीपीयूमागे तो अर्धा जांभळा, अर्धा हिरवा गोल पोर्ट होता. पण कीबोर्ड शोधून आणावा लागला असता, आणि फास्ट बूट पीएस/२ सुद्धा गाळू शकतं.

एसएसडीची वायर काढायचा उपायही असतो. सुरू करायला डिस्कच सापडली नाही की सुरुवात फसते, आणि बरीच फर्मवेअर फसलेल्या सुरुवातीनंतर फास्ट बूट सोडून पूर्ण तपासणी करतात. विंडोजच उघडत नसेल तेव्हा हा रस्ता चांगला. इथे विंडोज धडधाकट असताना डबा उघडायचं कारण नव्हतं.

उरले दोन. विंडोजकडूनच फर्मवेअरला निरोप देणं, किंवा वीज पूर्ण तोडून नेहमीची सुरुवात घडवणं.

विंडोजच्या आदेशाचा मोह मोठा होता, कारण मालक म्हणाले, "मी रिमोटनेच करतो की!" त्यांना नको म्हटलं. तो आदेश दिला की यंत्र सेटिंगच्या पडद्यावर जाऊन थांबतं. तिथे रिमोट चालत नाही, आणि पुढ्यात माणूस नसेल तर कुणीतरी बाहेर काढेपर्यंत ते तिथेच बसून राहतं. हा आदेश यंत्रापुढे बसूनच द्यायचा.

## काय केलं

पहिलं काम बिटलॉकरचं. अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -get C:
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 3
```

दुसऱ्या ओळीने ४८ अंकी किल्ली दिसली. ती कागदावर उतरवून मालकांना फोनवर वाचून दाखवली, त्यांनीही लिहून घेतली. तिसऱ्या ओळीने तीन वेळा विंडोज सुरू होईपर्यंत बिटलॉकरचा पहारा थांबवला. फास्ट बूट किंवा विजेचं सेटिंग बदलल्याने बिटलॉकर सहसा बिथरत नाही, पण फर्मवेअरमध्ये शिरण्यापूर्वी एवढं करायला अर्धा मिनिट लागतो.

मग वीज तोडायचा रस्ता आधी घेतला, कारण त्यात कुठलंही सेटिंग बदलत नाही आणि निदानही तपासून होतं. विंडोज `shutdown /s /t 0` ने पूर्ण बंद केलं. मुलाने भिंतीवरचं बटण बंद केलं, थोडं थांबून चालू केलं, यंत्र सुरू केलं. दिवा पुन्हा ढिम्म.

इथे निदान चुकलं असं वाटणं सोपं होतं. पण भिंत आणि सीपीयू यांच्यामध्ये यूपीएस होता. भिंतीवरची वीज गेली तरी मदरबोर्डला ती मिळतच होती. यंत्र बंद दिसत असलं तरी वायर जोडलेली असेपर्यंत बोर्डवर थोडी वीज जागती असते, आणि ती तुटल्याशिवाय फर्मवेअरच्या लेखी वीज गेलेलीच नसते. यूपीएसमुळेच हे यंत्र एरवी फास्ट बूटमध्ये राहत होतं आणि फक्त यूपीएस पूर्ण उतरल्यावर, जसं त्या डीपीच्या रात्रीनंतर, सावकाश उठत होतं.

आता यंत्र पूर्ण बंद करून सीपीयूच्या मागची वायरच काढली. चालू करायचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये साठलेली वीज उतरते. अर्धा मिनिट थांबलो. वायर लावली, वायरचा कीबोर्ड मागच्या काळ्या यूएसबी २ पोर्टला ठेवला, बटण दाबलं आणि कॅप्स लॉकवर टिचक्या मारत राहिलो. या वेळी लोगो आला आणि थांबला, खाली डिलीट दाबण्याची सूचना दिसली, आणि दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. डिलीट दाबलं. सेटिंगचा पडदा उघडला.

आतलं चित्र अपेक्षेप्रमाणे होतं. फास्ट बूट चालू, यूएसबीची ओळ बंदवर, पीएस/२ ची ओळही बंदवर. जुना कीबोर्ड शोधून आणला असता तर फेरा वाया गेला असता. `Legacy USB Support` मात्र `Enabled` वर होतं, पहिल्यापासून.

आधी ज्यासाठी आलो ते केलं. `Restore AC Power Loss` ला `Power On`. मग यूएसबीची ओळ अर्धवट तपासणीवर ठेवली, म्हणजे वेग राहील आणि कीबोर्डही चालेल अशा हिशेबाने. जतन करून बाहेर आलो, रिस्टार्ट केलं. मागच्या पोर्टवरचा वायरचा कीबोर्ड चालला. पण दुकानाचा नेहमीचा कीबोर्ड मॉनिटरच्या हबला परत जोडल्यावर त्याचा दिवा हलेना. अर्धवट तपासणी त्या हबच्या मागे पोचतच नव्हती.

यावर दोन तोडगे होते. लांब वायर आणून कीबोर्ड थेट बोर्डला जोडायचा, किंवा पूर्ण तपासणी लावायची. मी पूर्ण तपासणी लावली आणि लोगोच्या पडद्यावर थांबायचा वेळ तीन सेकंद केला. हे यंत्र दिवसाला फार तर एकदा सुरू होतं. तिथे दोन-चार सेकंद वाचवण्यासाठी आत जायचा दरवाजा बंद ठेवणं मला पटत नाही. कुठल्याही डेस्कटॉपवर फास्ट बूटमधली यूएसबी पूर्ण बंद ठेवू नये असंच माझं मत आहे. वाचतात सेकंद, आणि अडचणीच्या दिवशी त्याची किंमत तासांत मोजावी लागते.

जाण्यापूर्वी दुसरा रस्ताही तपासून ठेवला:

```
shutdown /r /fw /t 0
```

यंत्र रिस्टार्ट होऊन थेट सेटिंगच्या पडद्यावर आलं. हा आदेश म्हणजे विंडोजने फर्मवेअरच्या एका नोंदीत लिहून ठेवलेला निरोप असतो, 'पुढच्या वेळी आत थांब'. किल्ली दाबायच्या वेळेशी त्याचा संबंधच नाही. साध्या खात्यातून तो चालत नाही, अॅडमिन लागतो. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेलं असेल तरी चालत नाही. `msinfo32` उघडून `BIOS Mode` पुढे `UEFI` आहे का ते आधी पाहावं. आदेश लिहायचा नसेल तर शिफ्ट दाबून रिस्टार्टवर क्लिक केल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये `UEFI Firmware Settings` मिळतं.

शेवटी `manage-bde -status C:` ने बिटलॉकरचा पहारा परत लागल्याची खात्री केली.

## निष्पत्ती

दुकानाचा कीबोर्ड आता हबला असूनही लोगोपासून चालतो. सीपीयूची वायर काढून लावली की यंत्र आपोआप सुरू होतं, तेही पाहून घेतलं. ४८ अंकी किल्लीचा एक कागद दुकानाच्या तिजोरीत आहे, एक मालकांकडे.

## वेगळं काय करता आलं असतं

मुलांनी कीबोर्ड बदलण्यात जो वेळ घालवला तो कॅप्स लॉकच्या दिव्याने वाचला असता. बदलून आणलेला कीबोर्डही विंडोजमध्ये चालतोय म्हटल्यावर कीबोर्डचा दोष जवळजवळ निकालात निघतो. जवळजवळ अशासाठी की काही गेमिंग कीबोर्ड एकाच वेळी कितीही किल्ल्या कळवण्याच्या वेगळ्या पद्धतीवर असतात. फर्मवेअरला समजणारा साधा निरोप एका वेळी सहा किल्ल्यांचा असतो, आणि तो न पाठवणारा कीबोर्ड विंडोजमध्ये चालूनही बायोसमध्ये मुका राहू शकतो. अशा कीबोर्डांवर बहुधा त्यासाठी वेगळी कळ दिलेली असते. ब्लूटूथ कीबोर्ड विंडोजच्या आधी चालेल अशी अपेक्षाच ठेवू नये. डोंगलवाला वायरलेस बऱ्याचदा चालतो.

विंडोजचा आदेश पहिल्यांदा वापरला असता तर काम आणखी लवकर झालं असतं, हे खरं. पण तेव्हा यूपीएसचा घोळ आणि हबचा मुद्दा कळला नसता, आणि विंडोज बिघडलेल्या दिवशी दुकान पुन्हा त्याच जागी अडकलं असतं. घरच्या कॉम्प्युटरवर एकदाच काहीतरी बदलायचं असेल तर मी सरळ आदेशच वापरेन.

एक मर्यादा मात्र अजून शिल्लक आहे, आणि ती मालकांना सांगितली आहे. `Power On` हे सेटिंग वीज तुटून परत येण्यावर चालतं. सध्याचा यूपीएस बॅटरी संपेपर्यंत यंत्र ओढतो आणि मग एकदम सोडतो. त्यामुळे यंत्र आपोआप उठतं खरं, पण हिशेब उघडा असताना धाडकन बंद पडतं. उद्या यूएसबीने जोडायचा यूपीएस घेतला तर तो बॅटरी कमी झाल्यावर विंडोज नीट बंद करेल. पण नेमकी त्यानंतर, बॅटरीत थोडी धुगधुगी असतानाच लाइट परत आली, तर मदरबोर्डच्या लेखी वीज कधी गेलेलीच नसेल आणि यंत्र बंदच राहील. त्यामुळे नवा यूपीएस घेताना, विंडोज बंद केल्यानंतर तो स्वतःचं आउटपुटही तोडतो का आणि लाइट आल्यावर ते परत देतो का, हे दुकानदाराला आधी विचारायचं असं ठरलं आहे.